मुलांच्या चुका सुधारू नयेत

तारीख अठरा ऑगस्ट. रक्कम दोन हजार चाळीस रुपये. हजर चौघं: मी, माझी धाकटी जाऊ, महाडच्या टायपिंग सेंटरचा मालक आणि त्याच्याकडे चेकर म्हणून कामाला असलेली एक मुलगी. रक्कम माझ्या जावेची होती, माझी पानं अजून तपासायची होती, आणि ती तीन हजार सहाशे असायला हवी होती. तीनशे पानं, पानाला बारा रुपये. हिशोबात कुठे अडखळण्यासारखं काही नव्हतं.

काम काय होतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचा राग कोणाला कळायचा नाही.

कुठल्या तरी शाळांच्या परीक्षांच्या उत्तरपत्रिका स्कॅन होऊन आमच्याकडे यायच्या. आठवी-नववीची मुलं, इंग्रजीत लिहिलेली उत्तरं, सगळी, ज्याला आम्ही शाळेत कर्सिव्ह म्हणायचो त्या एकाला एक अडकवलेल्या अक्षरांत. मुलाचं नाव आणि नंबर काळ्या पट्टीखाली झाकलेला. लॅपटॉपच्या पडद्यावर वरच्या अर्ध्यात पानाचा फोटो, खालच्या अर्ध्यात रिकामी चौकट. वर दिसतं ते खाली टाइप करायचं. मुलाने जिथे ओळ मोडली तिथेच आपण मोडायची. खोडलेला शब्द वाचता येत असेल तर तोही लिहायचा आणि पुढेमागे खोडल्याची खूण टाकायची. मुळीच लागत नसेल तर न लागल्याची खूण टाकायची, अंदाज करायचा नाही. पूर्णविराम दिला नसेल तर आपण द्यायचा नाही. आणि नियमांच्या कागदावर सगळ्यात वर, ठळक अक्षरात: मुलांच्या चुका सुधारू नयेत.

हे काम देणारी कंपनी पुण्याची. तिथून एक बाई शिकवायला आल्या होत्या तेव्हा त्यांनी कारण सांगितलं होतं. मुलांचं अक्षर वाचणारं एक मशीन तयार करायचं होतं. मूल कुठे चुकतं, तीच चूक परत परत करतं का, ते त्या मशीनने शाळेला दाखवायचं. "तुम्ही सुधारून दिलंत तर मशीन सुधारलेलंच वाचायला शिकेल. मग त्याचा उपयोग काय?" असं त्या म्हणाल्या. मला ते लगेच पटलं. मी लग्नाआधी दोन वर्षं औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते. तिथे माल कमी भरला तर कमीच लिहायचा असतो. पुरा लिहिला की चोरी कुठे झाली ते कधीच सापडत नाही.

आम्ही बिरवाडीला राहतो. माझे यजमान कारखान्यात आहेत. धाकटे दीर मुंबईला एका गोदामात आहेत आणि त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ, आमच्याकडे राहते. सेंटरने अनामत घेऊन दोघींना दोन जुने लॅपटॉप दिले होते. दुपारची भांडी झाली की मी खाटेवर आणि ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट टाकून, अशा बसायचो. एकच पान दोघींना कधी यायचं नाही. प्रत्येक पान दोन वेगवेगळ्या घरांतल्या दोन बायकांकडे जायचं. दोघींनी एकमेकींना न विचारता टाइप करायचं आणि कॉम्प्युटर दोन्ही मजकूर अक्षराला अक्षर लावून बघायचा. जुळलं तर पान पास. नाही जुळलं तर चेकरने फोटो उघडून कोणाचं बरोबर ते ठरवायचं. पद्धत चांगली होती, अजूनही म्हणेन.

जाऊ माझ्यापेक्षा या कामात हुशार. ती पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीतली, दहावीपर्यंत चालत शाळेत गेलेली. चार रेघी वहीत तिने अक्षर गिरवलं होतं ते तिच्या हातात राहिलं. एखादा शब्द लागला नाही की ती त्याच पानावर दुसरीकडे त्या मुलाचा तसाच वळसा शोधायची. "ताई, याचा आर बघा, मान मोडलेल्या कोंबडीसारखा हाय. म्हंजे वरचा पन आरच." आणि तो आरच असायचा. एका पोरीने निबंधात लिहिलं होतं की आमच्या गावाच्या नदीवर नवीन 'ब्रिड' आला आहे. जाऊ इतकी हसली की चहा सांडला.

"ताई, पूल आला का पाखरू आलं का नवरी आली गो?"

"जे आलं ते आलं," मी म्हणाले, "तू बी आर आय डी लिही आणि पुढे जा."

"लिवलं. नवरी असंल तर तिची तीच उतरंल."

तर अठरा ऑगस्टची गोष्ट. महाडला सेंटर बाजारपेठेत पहिल्या मजल्यावर आहे, कारण पुराच्या भीतीने तळमजल्यावर कॉम्प्युटर ठेवायचं धाडस आमच्याकडे कोणी करत नाही. मालक तिशीतला, अंगाला अत्तर, बोलायला गोड. सगळ्या बायका त्याला सर म्हणतात. त्याने स्लिप पुढे केली. तीनशेपैकी दोनशे साठ पानं अर्ध्या दराने, चाळीस पुऱ्या दराने.

"अर्धा दर कसला?" मी विचारलं.

"मॅच, काकू. नव्वद टक्क्यांच्या खाली मॅच आलं की पान अर्ध्यावर जातं. नवीन केलंय."

"कोणी केलंय? पुण्याने?"

"सेंटरने. मॅच नाही झालं की चेकरला पान उघडावं लागतं. तिचा वेळ जातो. तो पैसा कुठून आणू मी?"

मी म्हटलं, एक पान उघडून दाखवा. तो म्हणाला, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही. मी म्हटलं, माणूस बोलतो म्हणून दाखवा. तेव्हा त्याने चेकरला मान हलवून खूण केली. ती पोटुशी मुलगी होती, सातवा महिना असेल, खुर्चीत नीट मावत नव्हती. तिने पान उघडलं. डावीकडे माझ्या जावेचा मजकूर, उजवीकडे दुसऱ्या कुठल्या तरी बाईचा, वर फोटो. डावीकडे जागोजाग, चुकीच्या स्पेलिंगखाली कॉम्प्युटर मारतो त्या लाल रेघा, उजवीकडे एकही नाही. मी फोटो बघितला. मुलाने फ्रेंड हा शब्द पाच वेळा लिहिला होता आणि पाचही वेळा आय आणि ई उलटे. जावेने पाचही वेळा उलटे ठेवले होते. उजवीकडे पाचही सुलटे. आणि पास झालं होतं उजवीकडचं.

"हे कसं पास झालं?"

चेकर मुलगी मालकाकडे बघत म्हणाली, "रेड दिसलं की दुसरीचं घ्यायचं, असं आहे."

"असं कोणी सांगितलं?"

 मालक हसला. त्या हसण्याचा मला अजून राग येतो. तो म्हणाला, "काकू, साधं आहे. दोन बायका दोन घरांत बसून सारखं कधी लिहितील? स्पेलिंग बरोबर केलं तरच. बरोबर स्पेलिंग एकच असतं. चूक हजार प्रकारे वाचता येते. तुम्ही पण बरोबर करा, त्याही करतायत, आपोआप मॅच होतं. तुमचे पैसे पूर्ण, माझा चेकर मोकळा, पुण्याला पानं वेळेत."

"आणि वरती नियम लिहिलाय तो?"

"नियम त्यांचा आहे. सेंटर माझं आहे."

त्याचं डोकं चांगलं चालत होतं, हे मला कबूल करावं लागलं आणि त्याचीच जास्त चीड आली. दोन बायकांनी एकमेकींना न विचारता लिहायचं, म्हणजे खरं काय ते कळेल, यासाठी ती सगळी व्यवस्था होती. याने त्यातून असा मार्ग काढला होता की दोघी न बोलता एकच खोटं लिहितील आणि ते जुळलं म्हणून खरं ठरेल.

निघताना त्याने माझ्या जावेला वेगळं सांगितलं. चेकर गणपतीनंतर बाळंतपणाला माहेरी जाणार होती, तिची जागा रिकामी होणार. महिन्याचा पगार, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. "तुमचा हात चांगला आहे वहिनी. फक्त मॅच नव्वदच्या वर न्या. नव्वदच्या खालच्या बाईला मी त्या खुर्चीत बसवू शकत नाही."

ती जागा तिला का हवी होती ते मला ठाऊक होतं. दीर दोन वर्षं तिला मुंबईला बोलावत होते. तिथे एका खोलीत गावचीच आणखी दोन माणसं राहत, मध्ये पडदा लावून संसार करायचा. पण अडचण खोलीची नव्हती. वाडीत तिचे वडील एकटे होते, गुडघ्यांनी बसलेले. दर रविवारी ती एसटीने पोलादपूर, तिथून पुढे जीप आणि मग चढण, अशी जाऊन त्यांचं आठवड्याचं करून ठेवायची. मुंबईला गेली की ते संपलं. दिरांचं म्हणणं, तिथे बसून खाण्यापेक्षा इथे ये. इथे पगार सुरू झाला असता तर त्यांना बोलायला जागा नव्हती. एवढंच. तिला त्या खुर्चीतून बापाच्या वाडीपर्यंतचा रस्ता मोकळा ठेवायचा होता.

परतताना सहा आसनी रिक्षात आम्ही मागे कोंबून बसलो होतो. ती म्हणाली, "ताई, मी सुधारून लिवनार हाय."

"नाही लिहायचं."

"सगळ्या लिवतायत."

"सगळ्यांनी सही केलीये त्या कागदावर. तूही केलीस. उद्या पुण्याने विचारलं तर?"

"उद्याचं उद्या. पोराची चूक मी ठेवली काय नि नाय ठेवली काय, त्याला काय कळनार हाय?"

"त्याला नाही कळणार. त्याच्या मास्तरला कधीच कळणार नाही, हाच तर प्रश्न आहे."

 मग अगदी हळू, रिक्षातल्या बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "भाऊजींना पगार हाय, ताई. तुमाला नियम परवडतो."

मला तिचा राग आला होता, आणि ती खोटं बोलली नव्हती म्हणून जास्त आला होता. माझ्या घरात किराणा यजमानांच्या पगारातून येतो. टायपिंगचे पैसे मी वेगळ्या डब्यात ठेवायचे. अर्धे आले तरी माझ्या ताटातली भाकरी अर्धी होणार नव्हती. तरीही मी तिला पुन्हा बजावलं आणि तिने पुन्हा ऐकलं नाही.

पुढचे आठवडे आम्ही दोघी एकाच घरात दोन पद्धतीने काम करत होतो. तिला सुधारून लिहायला वेळ लागायचा, हे कोणाला खरं वाटणार नाही. तिचा डोळा इतका तयार झाला होता की बोटं मुलाच्या चुकीवर आपोआप जायची आणि मग तिला मागे येऊन पुसावं लागायचं. पुसायचा आवाज मला खाटेवर ऐकू यायचा. टक टक टक. तो आवाज आला की माझं डोकं फिरायचं. एकदा मी ओरडलेच, "काय खातेस ते पोराचं?" ती म्हणाली, "एक ई जास्ती होता. काडला." आणि मग थोड्या वेळाने, "ताई, हा पोरगा समदीकडं शेवटी एक ई लावतो. कोनी सांगितलं असंल त्याला, इंग्रजीत शेवटी ई लागतो." ती ते कौतुकाने म्हणाली. आणि तो ई पुसतच राहिली.

तिचं मॅच सत्त्याण्णवला गेलं. माझं साठच्या आसपास, आणि पैसे अर्धे. दोन बॅचमध्ये माझे तीन हजार एकशे वीस कापले गेले, ते मी लिहून ठेवत गेले. गौरी-गणपती गावी झाले. विसर्जनानंतर जाऊ चेकरच्या खुर्चीत बसायला लागली. सकाळी डबा घेऊन ती निघायची तेव्हा तिच्या पाठीचा बाक सरळ झाल्यासारखा वाटायचा. त्या रविवारी ती वडिलांकडे गेली ते त्यांच्यासाठी गुडघ्याचे पट्टे घेऊन. पगार अजून हातात यायचा होता, पट्टे माझ्याकडून उसने पैसे घेऊन आणले. मी दिले. मनातून मला वाटलं की जाऊ दे, एकाचं तरी भलं झालं.

दहा दिवसांनी सेंटरचा फोन आला, सगळ्या टायपिस्टनी ताबडतोब यायचं.

आम्ही बारा-तेराजणी होतो. खुर्च्या पुरल्या नाहीत, काही दारात उभ्या राहिल्या. जाऊ तिच्या चेकरच्या खुर्चीत, चेहरा उतरलेला. पुण्याच्या कंपनीने आमच्या सेंटरची काही पानं उघडून फोटोशी ताडून बघितली होती आणि सगळा माल परत पाठवला होता. कारण एका ओळीचं: मजकूर सुधारलेला आहे.

मालकाच्या हातात आम्ही सह्या केलेले नियमांचे कागद होते. त्याने एकेक वर धरून दाखवला, शाळेत पालकांसमोर कॉपी पकडल्यावर धरतात तसा.

"ही कोणाची सही? तुमची ना? वर काय लिहिलंय? मुलांच्या चुका सुधारू नयेत. मराठीत लिहिलंय. वाचता येतं ना सगळ्यांना?"

त्याने कागद टेबलावर टाकले.

"ज्यांनी ज्यांनी सुधारलंय त्यांनी सगळी पानं परत करायची. फुकट. नाही केली तर मागचं पेमेंट थांबेल. आणि ज्या बाईला मी विश्वासाने चेकर केलं, तिने ही पानं पास केली. तिचं काम आजपासून बंद. आयडी ब्लॉक केलाय, तसं पुण्याला कळवलंय."

जाऊ उभी राहिली. "सर, मी तुमाला विचारून केलं. तुमीच बोललात, रेड दिसलं की—"

"मी? मला नाही आठवत."

"ह्याच खुर्चीशी उभं राहून बोललात."

"वहिनी, कागदावर आहे का? कागदावर काय आहे ते मी दाखवलं."

तेव्हा मी बोलले. माझा आवाज मोठा होता, खाली दुकानात ऐकू गेला असं नंतर कळलं. मी म्हटलं, "सर, अठरा ऑगस्टला मी समोर होते. तुम्ही बोललात ते मी ऐकलंय. पण तुम्हाला ते आठवत नाही तर राहू दे. मला एवढंच सांगा, माझे पैसे का कापले?"

"कोणते?"

"माझे तीन हजार एकशे वीस. मी एक चूक सुधारली नाही. उघडा माझं कुठलंही पान आणि फोटोशी लावा. नियम हाच होता तर मी नियमाने लिहिलं, मग मला अर्धा दर का? आणि मॅचसाठी कापले म्हणत असाल, तर नियम मॅचचा होता. मग या सगळ्यांनी तुमचंच ऐकलं, त्यांना फुकट का राबवता? दोन्हीतलं एक सांगा. कुठलंही सांगा, पण एकच सांगा."

दारात उभ्या असलेल्या एका बाईने माझा पदर ओढला. "काकू, बसा ना गो. आमचं पेमेंट अडकंल."

मी बसले नाही. मला वाटलं मी त्याला पकडलाय. दोन्ही दारं बंद केली आहेत. मालकाचा चेहरा एकदम मोकळा झाला, गोड झाला, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

"बरोबर आहे काकूंचं," तो सगळ्यांना म्हणाला. "ऐका. नियम पहिल्यापासून एकच होता. आणि या एका बाईने तो पाळला. त्यांचे पैसे चुकून कापले गेलेत, ते मी आजच्या आज देतो. काकूंची पानं मी पुण्याला पाठवतो, की बघा, आमच्या सेंटरला असंही काम येतं. आणि चेकरची जागा काकूंना."

मला काय झालं ते मी नीट सांगू शकत नाही. मी ज्या वाक्याने त्याला बांधलं असं समजत होते, त्याच वाक्याची दोरी त्याने माझ्या जावेच्या गळ्यात टाकली. एका घरातल्या दोन बायका. एकीने नियम पाळला, म्हणजे पाळता येत होता. मग दुसरीने का नाही पाळला? आता त्याला काहीच सिद्ध करावं लागणार नव्हतं. त्याचा पुरावा मीच होते, त्याच्या बाजूला उभी, माझ्या मोठ्या आवाजासकट.

मी म्हटलं, "मला ती खुर्ची नको. हिला परत बसवा."

"तिचा आयडी गेला काकू. माझ्या हातात नाही."

"मग हिचं ऑगस्टचं? त्या तीनशे पानांत हिने एक अक्षर बदललं नव्हतं. नियम पहिल्यापासून एकच होता ना? आत्ताच म्हणालात. मग हिचेही पंधराशे साठ कापलेत तुम्ही."

हे त्याने हिशोबात धरलं नव्हतं. तेरा बायका ऐकत होत्या. तो म्हणाला, बघतो. मी म्हटलं, बघू नका, लिहून द्या. त्याने लिहून दिलं. चेकरच्या दहा दिवसांच्या पगाराचं विचारलं तर म्हणाला, ज्या कामाने माल परत आला त्याचा पगार मागता? तिथे मात्र मला शब्द सुचला नाही. अजून रोज भाकऱ्या थापताना सुचतात.

खाली आल्यावर जाऊ माझ्या पुढे चालत होती. मी हाक मारली, तिने पाय थांबवला नाही. स्टँडच्या अलीकडे रस्ता ओलांडायला थांबावं लागलं तेव्हा मी गाठलं.

"मी तुझ्यासाठी बोलले गो," मी म्हणाले.

"ताई, पैल्यांदा तुम्ही काय बोललात? 'माझे का कापले' बोललात."

"त्याला अडकवायला बोलले."

"हां. अडकलं कोन?"

मग बिरवाडीची रिक्षा आली. ती पुढे ड्रायव्हरजवळ बसली, मी मागे.

मला त्या माणसाचा राग आहे, तो तर आहेच. गोड बोलून बायकांकडून खोटं लिहून घेतलं आणि खोटं पकडलं गेल्यावर त्यांचीच सही त्यांच्या तोंडावर नाचवली. पण मला राग त्या बारा बायकांचाही आहे, ज्यांना सगळ्यांना त्याने तेच सांगितलं होतं आणि एकीलाही आठवलं नाही. त्यांनी ती पानं फुकट परत टाइप केली. सणासुदीच्या दिवसांत, दुपारची झोप सोडून, सुलटे केलेले शब्द पुन्हा उलटे करत. पुण्याने माल दुसऱ्यांदा घेतला, सेंटरला पैसे मिळाले. चेकर म्हणून मालकाने आपल्या मेव्हण्याला बसवलं. आणि राग या गोष्टीचाही आहे की जाऊ त्या कामात आमच्या सगळ्यांपेक्षा चांगली होती. मोडक्या मानेचा आर तिच्यासारखा कोणालाही ओळखू यायचा नाही. मी नियमाने लिहायचे. ती मुलाला ओळखून लिहायची. काम गेलं ते तिचं.

दीर दिवाळीला आले आणि तिला घेऊन गेले. भांडण वगैरे काही झालं नाही. ते म्हणाले, आता काय आहे इथे?  जायच्या आधी ती वाडीवर चार दिवस राहून आली. वडिलांना बिरवाडीला आणू असं मी म्हटलं होतं, यजमानांनाही चाललं असतं. म्हातारा म्हणाला, लेकीच्या जावेच्या घरी मी कोन म्हनून राहू? शेजारच्या घरातली सून दोन वेळचं ताट देते, तिला महिन्याला काहीतरी पाठवायचं ठरलं. निघताना जावेने मला वाकून नमस्कार केला, सगळ्यांसमोर, रीत म्हणून. माझ्याशी ती बोलते. फोन करते, भाजी काय केली विचारते. त्या दिवसाचं काढत नाही.

मी सेंटर सोडलं. लॅपटॉप परत केला, अनामत परत घेतली, पावती घेतली. माझे तीन हजार एकशे वीस त्याने खरोखर त्याच दिवशी फोनवर पाठवले होते. ते मी जावेला द्यायला गेले तर तिने हात मागे घेतले. त्यातून गुडघ्याच्या पट्ट्यांची उसनवारी मिटली असं मी तिला सांगितलं. उरलेले मी दोन वेळा वाडीवर नेऊन दिले, शेजारच्या सुनेच्या हातात.

जावेच्या लिहून घेतलेल्या पैशांसाठी मला सेंटरचे जिने पाच वेळा चढावे लागले. शेवटी डिसेंबरात मिळाले. पंधराशे साठमधून त्याने दहा टक्के टॅक्स म्हणून कापला, जो एवढ्या रकमेवर लागत नाही हे मी त्याला सांगितलं आणि त्याने ऐकून घेतलं. चौदाशे चार राहिले. आयडी ब्लॉक होताना तिचं खातंही सेंटरच्या यादीतून निघालं होतं, त्यामुळे तिच्या नावावर पाठवता येत नाहीत, म्हणाला. घरातलं दुसरं कोणाचं तरी खातं द्या. मी माझं दिलं नाही, माझ्या हातून ती घेणार नव्हती. चौदाशे चार रुपये माझ्या दिरांच्या खात्यात जमा झाले.